गच्चीवरचा सांधा गळतोय: पीयू, सिलिकॉन की डांबर? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एप्रिल लागला की पुण्यातल्या सोसायट्यांमध्ये गच्चीच्या गळतीची चर्चा सुरू होते आणि मे अखेरीस घाईघाईने कुणीतरी ट्यूब घेऊन गच्चीवर चढतं. खालची उत्तरं मुख्यतः एका सांध्याबद्दल आहेत: दोन विंगांच्या मध्ये, उघड्या गच्चीवर असलेला एक्सपान्शन जॉइंट. सांधा भरायच्या मालाची, म्हणजे सीलंटची निवड चुकली की सगळ्यात आधी तोच गळतो. बाकीच्या सांध्यांबद्दल शेवटाकडे थोडक्यात लिहिलं आहे.

थोडक्यात सांगा, तिन्हीपैकी कोणतं घ्यायचं?

गच्चीच्या जमिनीतला, दोन्ही बाजूंना काँक्रीट असलेला, हलणारा सांधा असेल तर पॉलियुरेथेन, म्हणजे दुकानात ज्याला पीयू म्हणतात ते. त्यावर उन्हाचा मारा कमी करणारं कोटिंग. काच, अ‍ॅल्युमिनियम किंवा पॉलिकार्बोनेटचा पत्रा जिथे बसवला आहे तिथे न्यूट्रल सिलिकॉन. डांबर फक्त तिथे, जिथे ऊन पोचणार नाही.

पण हे उत्तर ऐकून लगेच बोहरी आळी गाठू नका. तोच पीयू, तोच मिस्त्री आणि तोच सांधा असूनही भर मे महिन्यात दुपारी भरलेलं काम जानेवारीत फाटू शकतं आणि फेब्रुवारी-मार्चच्या संध्याकाळी भरलेलं टिकतं. त्याचं कारण पुढे आकडे मांडून दिलं आहे.

गळती सांध्यातूनच होतेय हे कसं ओळखायचं?

गळतीची वेळ बघा. जोराची सर आल्यावर थोड्याच वेळात छताला थेंब धरू लागले आणि पाऊस थांबल्यावर तासा-दोन तासांत गळती आटली, तर पाण्याला थेट वाट आहे. बहुधा सांधा उघडा पडलाय. याउलट, पावसाने उघडीप दिल्यावरही दोन-तीन दिवस ठिबकत राहिलं, तर पाणी कोब्याच्या आत साठलंय.

पुण्यातल्या बहुतेक जुन्या गच्च्यांवर वीटबॅटचा कोबा असतो. विटांचे तुकडे पाणी पितात आणि सावकाश सोडतात. अशा गच्चीवर पाणी एका कोपऱ्यात आत शिरतं आणि स्लॅबवरून वाहत दुसऱ्याच खोलीच्या छतातून बाहेर पडतं. कोब्यालाच तडे असतील तर सांध्यात कितीही महाग सीलंट भरा, गळती थांबणार नाही आणि दोष मात्र सीलंटच्या माथी येईल.

खात्री करायची असेल तर कोरड्या दिवसांत सांध्याच्या दोन्ही बाजूंना सिमेंट-वाळूचे छोटे बांध घालून फक्त सांध्यावर पाणी साठवा आणि खाली माणूस उभा करा. तासाभरात खाली ओल दिसली तर वाट सांध्यातून आहे. दिसली नाही तर पाणी ४८ तास ठेवा. तरीही छत कोरडंच राहिलं तर सांधा सोडून कोबा, पॅरापेटचा पाया आणि पावसाच्या पाण्याचे पाइप यांच्याकडे वळा.

सांधा हलतो म्हणतात, तो नेमका किती हलतो?

एक उदाहरण सोडवून बघू. कोथरूडमध्ये असतात तशी दोन विंगांची इमारत घ्या. प्रत्येक विंग १८ मीटर लांब, मध्ये २५ मिलिमीटर रुंदीचा सांधा. उन्हाने प्रत्येक विंग आपल्या मध्यापासून दोन्हीकडे फुगते, म्हणजे सांध्याच्या वाट्याला अर्धी ही विंग आणि अर्धी ती विंग येते: ९ अधिक ९, एकूण १८ मीटर.

काँक्रीट दर मीटरला, दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.०१ मिलिमीटर वाढतं. आपल्याकडची खडी काळ्या पाषाणाची असल्याने प्रत्यक्षात वाढ याहून किंचित कमी असते, पण हिशेब सुरक्षित बाजूला राहिलेला बरा. म्हणजे आपला सांधा दर अंशाला ०.१८ मिलिमीटर हलणार.

आता तापमान. इथे हवेचं तापमान कामाचं नाही, स्लॅबचं बघायचं. जानेवारीच्या पहाटे उघडी स्लॅब १२ अंशांपर्यंत उतरते असं धरू आणि मेमध्ये दुपारी ५५ पर्यंत चढते असं धरू. फरक ४३ अंशांचा. ४३ गुणिले ०.१८ म्हणजे जवळपास ८ मिलिमीटर. स्लॅब ३० अंशांवर असताना सांधा २५ मिलिमीटर असेल, तर मेच्या दुपारी तो साडेवीसवर येतो आणि जानेवारीच्या पहाटे २८ च्या थोडा पुढे जातो. वर्षभर त्याची ही उघडझाप चालूच असते, आणि तिचा छोटा हिस्सा रोज दिवस-रात्रीतही घडतो.

पोटीनसारखं कडक होणारं काहीही या सांध्यात का टिकत नाही, ते यावरून कळेल. पांढरं सिमेंट, टाइल ग्राउट, एम-सील, सगळी त्याच रांगेतली.

मग मे महिन्यात काम करू नये असं का म्हणता? तेव्हाच तर गच्ची कोरडी असते.

कोरडी असते हे खरं, पण सांधा तेव्हा सगळ्यात अरुंद असतो. बाजारातल्या बऱ्याच चांगल्या पीयूंची हालचाल झेलायची क्षमता अधिक-उणे २५ टक्के असते. भरताना जी रुंदी होती तिच्या पाव हिश्शाइतकं ते ताणलं जाऊ शकतं आणि तेवढंच दाबलंही जाऊ शकतं.

वरचाच सांधा मार्चमध्ये, स्लॅब ३० अंशांवर असताना भरला असं समजा. रुंदी २५. उन्हाळ्यात तो साडेचार मिलिमीटर दाबला जाईल, म्हणजे १८ टक्के. हिवाळ्यात सव्वातीन मिलिमीटर ताणला जाईल, म्हणजे १३ टक्के. दोन्ही मर्यादेत.

तोच सांधा मेच्या दुपारी ५५ अंशांवर भरला तर रुंदी साडेवीस. हिवाळ्यापर्यंत तो पावणेआठ मिलिमीटर उघडणार, म्हणजे जवळपास ३८ टक्के ताण. दाब अजिबात नाही, सगळा ताणच. माल उत्तम असला तरी तो एक तर काँक्रीटच्या कडेपासून सुटेल किंवा मधून फाटेल. त्यातली गंमत अशी की फाटतो तो हिवाळ्यात आणि कळतं पुढच्या जूनमध्ये. तोवर कॉन्ट्रॅक्टरचा फोन लागत नाही.

दुसरं कारण हवेच्या बुडबुड्यांचं. सकाळी स्लॅब तापत असताना काँक्रीटच्या छिद्रांतली हवा फुगून बाहेर येते आणि ओल्या सीलंटमध्ये फोड आणते. म्हणून काम ऊन उतरल्यावर, स्लॅब निवत असताना करावं. रात्रभरात वरचा पापुद्रा धरतो.

माझ्या मते पुण्यात या कामाचा उत्तम काळ फेब्रुवारीचा उत्तरार्ध ते मार्च अखेर, संध्याकाळी पाचनंतर. दिवाळीनंतरचे दिवसही चालतात, पण तेव्हा कोब्यात पावसाळ्याची ओल शिल्लक असते, ती आधी तपासावी लागते.

सिलिकॉन उन्हात वर्षानुवर्षं टिकतं म्हणतात. मग गच्चीवर तेच का नको?

ऊन सोसण्याच्या बाबतीत सिलिकॉनच्या जवळ बाकी दोघं येत नाहीत, हे मान्यच आहे. त्याचा कणा सिलिकॉन आणि ऑक्सिजनच्या साखळीचा असतो आणि अतिनील किरणं ती साखळी सहजी तोडू शकत नाहीत. चकचकीत काचेच्या इमारतींच्या दर्शनी भागात तेच वापरतात.

गच्चीच्या जमिनीवर मात्र त्याच्या तीन अडचणी आहेत. पहिली, ते फाटायला सोपं असतं. गच्चीवर माणसं चालतात, खुर्च्या ओढल्या जातात, पाण्याच्या टाकीचं काम करायला प्लंबर पाइप घासत नेतो. सिलिकॉनला एकदा कापा गेला की तो कापा पुढे सरकत जातो. पीयू याबाबतीत बरंच चिवट असतं.

दुसरी, त्याच्यावर काहीही चिकटत नाही. आज ना उद्या सोसायटी गच्चीवर पांढरं वॉटरप्रूफ कोटिंग मारणारच. ते कोटिंग सिलिकॉनवर थेंब-थेंब होऊन गोळा होतं, किंवा वाळल्यावर पापुद्र्यासारखं निघतं. त्यामुळे कोटिंगची सलगता नेमकी सांध्याजवळ तुटते.

तिसरी अडचण सगळ्यात खर्चिक. सिलिकॉन काढल्यावरही त्याचा अंश काँक्रीटमध्ये राहतो आणि त्या कडांवर पुढे पीयूही धरत नाही. एकदा सिलिकॉन भरलं की पुढच्या वेळी एक तर पुन्हा सिलिकॉनच भरा, नाहीतर दोन्ही कडा ग्राइंडरने कापून नवं काँक्रीट उघडं करा.

आणि स्वस्तातली, व्हिनेगरसारखा वास येणारी ट्यूब तर काँक्रीटवर मुळीच लावू नका. तिच्यातून सुटणारं अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड काँक्रीटमधल्या चुन्याशी भिडतं आणि चिकटण्याच्या जागीच भुसभुशीत थर तयार होतो. ती बाथरूमच्या काचेसाठी ठीक आहे. दुकानदाराकडे ‘न्यूट्रल’ असं स्पष्ट मागा.

पण पीयू उन्हात पिवळं पडतं, त्यावर चिरा येतात. त्याचं काय?

खरं आहे. उघडं ठेवलेलं पीयू आधी पिवळट होतं, मग हात लावला तर खडूसारखी पावडर येते, मग जाळीदार बारीक चिरा दिसतात. सुरुवातीला हे वरवरचंच असतं. त्या चिरा खोल जाऊ लागल्या की मात्र दुरुस्तीची वेळ आलेली असते.

फरक असा की पीयूचा हा दोष झाकता येतो. ते पूर्ण पिकल्यावर, म्हणजे आतपर्यंत घट्ट झाल्यावर, त्यावर लवचिक अ‍ॅक्रिलिक किंवा पीयूचंच टॉप कोट मारता येतं आणि ऊन थेट लागत नाही. सांध्याच्या हालचालीने वरच्या कोटिंगला दोन-तीन वर्षांत केसासारख्या रेषा येतील, तेव्हा तेवढ्या पट्ट्यावर पुन्हा हात मारायचा. सिलिकॉनचा दोष, म्हणजे काहीच न चिकटणं, असा झाकता येत नाही. जमिनीवरच्या सांध्यासाठी माझं मत पीयूकडे झुकतं ते याच कारणाने.

आमच्या बिल्डिंगमध्ये वीस वर्षं डांबरच भरतात. तेव्हा चालत होतं, आता का नको?

चालत होतं म्हणजे दर एक-दोन वर्षांनी भरत होतात ना? डांबर स्वस्त आहे, पाण्याला चांगलं अडवतं, आणि खडबडीत जागेवरही धरतं. त्याची अडचण फक्त तापमानाची आहे, आणि उघड्या गच्चीवर तीच मुख्य गोष्ट असते.

रस्त्याला वापरतात त्या व्हीजी-३० डांबराचा मऊ पडण्याचा बिंदू किमान ४७ अंश ठेवलेला असतो. आपली गच्ची मेमध्ये त्याच्या वर जाते. डांबर मऊ होतं, उताराकडे सरकतं, सांध्यात खाली बसतं आणि चपलांना लागून जिन्यापर्यंत येतं. ऑक्सिडाइज्ड डांबर ८५/२५ जास्त उष्णता सोसतं, पण ते मुळात कडक असल्याने थंडीत सांधा उघडला की ताणलं न जाता तडकतं. शिवाय उन्हाने कोणतंही डांबर हळूहळू ठिसूळ होतंच. रबर मिसळलेलं, गरम ओतायचं डांबर यात बरं, पण ते मुळात रस्ते आणि काँक्रीटच्या फरसबंदीच्या सांध्यांसाठीचं. गच्चीवर गॅस-शेगडी नेऊन ते योग्य तापमानाला ओतणारा माणूस मिळणं सोपं नाही.

डांबराला योग्य जागा आहे ती कोब्याच्या किंवा फरशीच्या खाली, मातीने झाकलेल्या भागात, बागेच्या वाफ्याखाली. तिथे ऊन पोचत नाही आणि तापमानही फारसं हलत नाही.

जुन्या सांध्यात काय भरलंय तेच माहीत नाही. कसं ओळखायचं?

ब्लेडने बोटाच्या पेराएवढा तुकडा काढा.

काळा असेल तर पांढऱ्या फडक्यावर थोडं रॉकेल किंवा टर्पेंटाइन घेऊन घासा. फडकं तपकिरी-काळं झालं तर डांबर. काळं पीयूही मिळतं, पण पिकलेलं पीयू असा रंग सोडत नाही.

राखाडी किंवा पांढरा असेल तर मार्करने त्यावर रेघ ओढा आणि बोटाने पुसा. रेघ धरलीच नाही, पाण्याचा थेंब टाकला तर गोल होऊन घरंगळला, हाताला किंचित तेलकट गुळगुळीत लागलं, तर सिलिकॉन. पक्कं करायचं असेल तर मोकळ्या हवेत, चिमट्यात धरून तुकडा पेटवा. सिलिकॉन जळून पांढरी भुकटी मागे राहते. पीयू काळा धूर काढत जळतं आणि चिकट काळं होतं. धूर नाकात जाऊ देऊ नका.

जुनं काढायचा खर्च वाचवून त्यावरच नवं मारलं तर?

हे काम सगळ्यात जास्त वेळा असंच होतं आणि सगळ्यात जास्त वेळा यातच पैसे जातात. डांबरावर पीयू मारलं तर डांबरातली तेलं पीयूमध्ये शिरतात. पीयू मऊ, चिकट होतं आणि सुटतं. सिलिकॉनवर पीयू चिकटतच नाही. जुन्या पीयूवर नवं पीयू धरू शकतं, पण जुनं स्वतःच कडेपासून सुटलेलं असेल तर नवं कशाला धरून राहणार?

डांबर असेल तर ते खरवडून पुरत नाही, कारण ते काँक्रीटच्या छिद्रांत मुरलेलं असतं. दोन्ही कडा डायमंड ब्लेड लावलेल्या ग्राइंडरने २ ते ३ मिलिमीटर कापून स्वच्छ राखाडी काँक्रीट दिसेपर्यंत जावं लागतं. कोटेशनमध्ये ‘कडा कटिंग’ ही ओळ वेगळी लिहून घ्या. ती नसेल तर काम वरवरचं होणार हे धरून चाला.

सांध्यात आधी तो फोमचा दोर घालतात, तो हवाच का?

हवाच. त्याला बॅकर रॉड म्हणतात आणि त्याची दोन कामं आहेत. पहिलं, सीलंट किती खोल जावं ते तो ठरवतो. दुसरं जास्त महत्त्वाचं: सीलंटला खाली चिकटू देत नाही. सीलंट फक्त डाव्या आणि उजव्या कडेला चिकटायला हवं. तळालाही चिकटलं तर सांधा उघडताना मधल्या भागाला लांबायला मोकळीक उरत नाही आणि तो कोपऱ्यातून फाटतो.

दोर सांध्यापेक्षा साधारण पाव हिश्शाने जाड घ्यायचा, म्हणजे दाबून बसतो. २५ मिलिमीटरच्या सांध्याला ३० मिलिमीटरचा. बंद पेशींचा पॉलिथिलीन फोम मागा, स्पंज नको, कारण स्पंज पाणी धरतो. दोर बसवताना टोकदार स्क्रू-ड्रायव्हर वापरला तर त्याला भोकं पडतात आणि आतली हवा फुग्यांच्या रूपाने सीलंटमध्ये येते. बोथट लाकडी पट्टी चांगली. सांधा उथळ असेल आणि दोर मावतच नसेल, तर तळाला निदान पॉलिथिलीनची टेप लावा.

सीलंटची खोली रुंदीच्या निम्मी ठेवतात. २५ ला १२ मिलिमीटर. ‘साहेब, खोलवर भरतो, मजबूत होईल’ असं मिस्त्री प्रेमाने म्हणाला तरी भरू देऊ नका. जाड थर ताणायला जास्त जोर लागतो आणि तो सगळा जोर कडांच्या चिकटण्यावर येतो.

प्रत्यक्ष काम कसं व्हायला हवं, आणि माल किती लागेल?

वरचाच सांधा १२ मीटर लांब धरू. आधी जुनं काढणं आणि कडा कापणं. कडा तुटल्या असतील तर पॉलिमर मॉर्टरने किंवा इपॉक्सी मॉर्टरने बांधून घ्यायच्या आणि त्या पूर्ण वाळू द्यायच्या. मग तारेच्या ब्रशने घासून ब्लोअरने धूळ उडवायची. पाण्याने धुतलं तर पुन्हा कोरडं व्हायला दिवस द्यावे लागतात.

ओल तपासायला साधारण ४५ सेंटिमीटर चौकोनी जाड प्लास्टिकचा तुकडा सांध्याशेजारी काँक्रीटवर चारही बाजूंनी टेपने चिकटवा आणि संध्याकाळपासून दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत, निदान १६ तास ठेवा. आतून दव धरलं किंवा काँक्रीट काळपट झालं तर अजून थांबा. ओल्या काँक्रीटवर पीयू फसफसतं, कारण ते पाण्याशी क्रिया करूनच पिकतं आणि त्यात कार्बन डायऑक्साइड सुटतो.

नंतर दोर. मग दोन्ही काठांवर मास्किंग टेप, आणि सांध्याच्या आतल्या कडांना त्याच कंपनीचा प्राइमर. प्राइमर किती वेळ सुकू द्यायचा आणि किती वेळाच्या आत सीलंट भरायचं, ते डब्यावर लिहिलेलं असतं. तेवढं पाळा. दोराच्या वर प्राइमर लागू देऊ नका, नाहीतर तळ चिकटतो.

मालाचा हिशेब सोपा आहे. २५ गुणिले १२ मिलिमीटरच्या सांध्याला दर मीटरला ३०० मिलिलिटर. गनमध्ये घालायच्या ६०० मिलिलिटरच्या लांबट पाकिटाला सॉसेज म्हणतात, एका सॉसेजमध्ये २ मीटर. १२ मीटरला ६ सॉसेज आणि वाया जाणाऱ्यासाठी एक जास्त, म्हणजे ७. कॉन्ट्रॅक्टरने याच सांध्याला ३ सॉसेज लावली असतील तर थर पातळ आहे, आणि १५ लावली असतील तर दोर घातलेलाच नाही. रिकामी पाकिटं मोजून घ्यायची सवय सेक्रेटरींनी लावून घ्यावी, वाद बरेच कमी होतात.

भरताना गन एकाच दिशेला, संथ. मग पट्टीने दाबून मधोमध किंचित खोलगट करायचं, आणि वरची पातळी गच्चीपेक्षा २-३ मिलिमीटर खाली ठेवायची, म्हणजे चपला आणि खुर्च्या थेट घासत नाहीत. पापुद्रा धरायच्या आत मास्किंग टेप ओढून काढायची.

पीयू वरून आत पिकत जातं, पहिल्या दिवसात साधारण २ ते ३ मिलिमीटर, पुढे सावकाश. मार्चमध्ये पुण्याची हवा कोरडी असते, त्यामुळे आणखी वेळ लागतो. १२ मिलिमीटरच्या थराला आठवडा-दीड आठवडा द्या. त्यानंतरच वरचं कोटिंग आणि पाणी साठवून चाचणी.

दोन वर्षांत सुटलं. माल खराब होता की काम?

सुटलेला भाग नीट बघा, तो स्वतःच सांगतो. सीलंट अखंड आहे पण काँक्रीटच्या कडेपासून अलग झालंय: कडा धुळकट किंवा ओल्या होत्या, प्राइमर नव्हता, किंवा जुन्या मालाचा थर राहिला होता. त्या पट्टीच्या पाठीमागे सिमेंटची भुकटी चिकटून आली असेल तर काँक्रीटची कडच कमकुवत होती. सीलंट मधोमध उभं फाटलंय: हालचाल क्षमतेपेक्षा जास्त झाली, म्हणजे सांधा अरुंद होता, थर जाड होता किंवा भरायची वेळ चुकली. आतून पोकळ, बुडबुड्यांनी भरलेलं: ओल किंवा तापती स्लॅब. गमासारखं चिकट झालंय: खाली डांबर राहिलंय असा संशय आधी घ्या. मुदत संपलेला माल हे कारण शेवटी तपासायचं, कारण असा माल बहुतेक वेळा गनमधूनच नीट निघत नाही किंवा पिकतच नाही.

पाकिटावर किंवा माहितीपत्रकावर काय बघायचं?

ब्रँडच्या नावाआधी हालचालीचा आकडा बघा: किमान २५ टक्के. आयएसओ ११६०० किंवा एएसटीएम सी ९२० या मानकांत तो ‘क्लास २५’ असा येतो. क्लास ५० चा माल मिळाला आणि परवडला तर अरुंद सांध्याला तोच घ्या. एएसटीएममध्ये पायांखाली येणाऱ्या सांध्यांसाठी ‘यूज टी’ अशी वेगळी खूण असते. गच्चीला ती असलेली बरी. उत्पादनाची तारीख मात्र नक्की बघा.

पॅरापेट, पाइप, फरशीच्या फटी इथे काय वापरू?

पॅरापेट आणि गच्ची जिथे मिळतात तिथल्या भेगेला पीयू, पण तो कोपरा असल्याने आधी तळाच्या कोनात टेप किंवा बारीक दोर, मग त्रिकोणी भराव, वरून मिस्त्रीने काढलेला वाटा, म्हणजे कोपऱ्यातला गोलसर उतार. पीव्हीसी पाइप स्लॅबमधून जातो तिथेही पीयू, पाइप बारीक पॉलिश पेपरने घासून. पॉलिकार्बोनेटच्या शेडला आणि काचेच्या रेलिंगला न्यूट्रल सिलिकॉन. कोटा किंवा ग्रॅनाइटच्या कोपिंगला साधं सिलिकॉन लावलं तर त्यातलं तेल दगडात उतरून कायमचा काळपट पट्टा उमटू शकतो. दगडासाठीचं, डाग न पाडणारं सिलिकॉन वेगळं मिळतं. टाइलमधल्या हजारो फटी सीलंटने भरायच्या भानगडीत पडू नका. तो ग्राउटचा किंवा सगळी फरशी काढण्याचा विषय आहे.

सगळं नीट केलं तर कायमचं सुटेल का?

नाही. पीयूचा सांधा कोटिंग राखत गेलं तर दहा वर्षांच्या आसपास जाऊ शकतो, उघडा ठेवला तर त्याच्या बराच आधी थकतो. मुळात जमिनीच्या पातळीत असलेला आणि पाणी ज्याच्यावरून वाहतं असा एक्सपान्शन जॉइंट फक्त सीलंटच्या भरवशावर ठेवणं हीच रचनेतली कमतरता आहे. गच्चीचं मोठं काम निघणारच असेल तर सांध्याच्या दोन्ही बाजूंना १५ सेंटिमीटरच्या आसपास उंचीचे काँक्रीटचे कठडे उभे करून त्यावर एका बाजूलाच घट्ट केलेली अ‍ॅल्युमिनियमची टोपी बसवा. पाणी सांध्यापर्यंत येतच नाही आणि आतलं सीलंट दुसरी फळी म्हणून सावलीत राहतं. चालायला अडथळा होतो ही तक्रार येते, पण दोन विंगांच्या गच्चीत ये-जा किती होते ते आधी बघा.

मे संपत आलाय, वळवाचा पाऊस पडून गेलाय आणि आमचा सांधा अजून उघडाच आहे. आता?

आता ओल्या सांध्यात घाईने काही भरू नका. विशेषतः सिलिकॉन आणि डांबर नको, नाहीतर पुढच्या वर्षी कडा कापण्याचा खर्च वाढेल. दोन उन्हं मिळाली की सांध्याच्या दोन्ही बाजूंनी १५-१५ सेंटिमीटर भाग झाडून कोरडा करा. जाड प्लास्टिकचा पट्टा सांध्यावर किंचित सैल टाका, म्हणजे सांधा हलला तरी तो ताणला जाणार नाही, आणि त्याच्या लांब कडा अ‍ॅल्युमिनियम पाठीच्या ब्यूटाइल टेपने कोब्यावर दाबून बसवा. टेपचा डिंक सांध्याच्या ओठांपासून चार बोटं लांब ठेवा. उताराच्या वरच्या बाजूची कड आधी आणि जास्त काळजीने चिकटवा, पाणी तिकडूनच येतं. पट्ट्यावर वाळूच्या पिशव्या ठेवताना मधून पाणी वाहायला जागा सोडा, आणि पावसाळ्यात पंधरा-वीस दिवसांनी वॉचमनला एकदा टेपच्या कडा दाबून बघायला सांगा. दिवाळीनंतर हे सगळं काढून, प्लास्टिकच्या चौकोनाने ओल तपासून, मग फेब्रुवारीची तारीख ठरवा.